एका गोळीतली दोन औषधे

कोट्रायमॉक्साझोल ही गोळी भारतातल्या केमिस्टकडे अनेक दशके विकली जाते आहे. पुष्कळ घरांत ती ‘सेप्ट्रान’ या नावाने ठाऊक असते. तिच्या डबल स्ट्रेंग्थ प्रकारात सल्फामेथॉक्साझोल ८०० मिलिग्रॅम आणि ट्रायमेथोप्रिम १६० मिलिग्रॅम असते, म्हणजे पाचास एक. ही दोन्ही औषधे एकेकटी दिली तरी जंतूंची वाढ रोखतात. मग ती एकाच गोळीत का घातली? आणि तीही नेमक्या पाचास एक या प्रमाणात का? औषधशास्त्राचे विद्यार्थी परीक्षेत जे चार शब्द हमखास एकमेकांत मिसळतात, ते चारही या दोन प्रश्नांचा माग काढताना एकामागून एक भेटतात. ॲडिटिव्ह इफेक्ट, सिनर्जिझम, पोटेन्शिएशन आणि अँटॅगोनिझम हे ते चार शब्द.

आधी एक सीमा आखून घेणे गरजेचे आहे. दोन औषधे एकमेकांच्या कामात दोन तऱ्हांनी लुडबुड करतात. पहिल्या तऱ्हेत एक औषध दुसऱ्याचे रक्तातले प्रमाणच बदलते. ते आतड्यातून शोषले जाऊ देत नाही, यकृतात त्याचा निचरा लवकर किंवा उशिरा घडवते, नाहीतर मूत्रपिंडात त्याची वाट अडवते. दुसऱ्या तऱ्हेत दोन्ही औषधांचे रक्तातले प्रमाण जसेच्या तसे राहते, पण जिथे प्रत्यक्ष काम व्हायचे तिथे त्यांचे परिणाम एकमेकांना भेटतात. या दुसऱ्या तऱ्हेला फार्माकोडायनॅमिक आंतरक्रिया म्हणतात. वरचे चार शब्द या लेखात त्याच अर्थाने वापरले आहेत. परीक्षेतला प्रश्न सोडवतानाही पहिली पायरी हीच असते: बदल औषधाच्या प्रमाणात झाला की परिणामात?

सल्फा औषधांचे काम फोलेट या जीवनसत्त्वाभोवती फिरते. डीएनए तयार करण्यासाठी प्रत्येक पेशीला फोलेट लागते. माणसाला ते पालेभाज्यांतून, डाळींतून आयते मिळते. बहुतेक रोगजंतूंना मात्र बाहेरचे फोलेट आत घेता येत नाही, त्यांना ते स्वतःच बनवावे लागते. त्यासाठी ते ‘पाबा’ नावाचा एक छोटा रेणू कच्चा माल म्हणून वापरतात. एक एन्झाइम या पाबापासून पुढच्या टप्प्यांतून डायहायड्रोफोलेट घडवून आणते आणि दुसरे एन्झाइम त्याचे टेट्राहायड्रोफोलेट करते. पेशीला उपयोगी पडते ते हे शेवटचे रूप. सल्फाचा रेणू पाबासारखा दिसतो, म्हणून तो पहिल्या एन्झाइममध्ये पाबाची जागा बळकावतो. ट्रायमेथोप्रिम दुसऱ्या एन्झाइमला अडवते. माणसाच्या पेशींतही हे दुसरे एन्झाइम असते, पण ट्रायमेथोप्रिमला ते जंतूंच्या एन्झाइमपेक्षा हजारो पटींनी कमी दाद देते. रुग्णाला औषध सोसते आणि जंतूला सोसत नाही, ते यामुळे.

१९४० च्या दशकात ट्रायमेथोप्रिम अजून यायचे होते. तेव्हाच्या सल्फा औषधांची मोठी अडचण अशी होती की ती लघवीत नीट विरघळत नसत. त्यांचे स्फटिक बनत, मूत्रपिंडाला इजा होई, लघवीतून रक्त जाई. त्यावर सुचलेली युक्ती फार देखणी होती. सल्फाडायझिन, सल्फामेराझिन आणि सल्फामेथाझिन ही तीन सल्फा औषधे प्रत्येकी एक तृतीयांश मात्रेत एकत्र द्यायची. तिन्ही त्याच एन्झाइमवर काम करतात, त्यामुळे जंतूंवरचा परिणाम एका औषधाच्या पूर्ण मात्रेइतकाच होतो. पण विरघळण्याची मर्यादा प्रत्येकाची स्वतंत्र असते. एकाने लघवीतली आपली मर्यादा गाठली म्हणून दुसऱ्याची जागा कमी होत नाही. परिणाम तेवढाच राहिला आणि स्फटिकांचा धोका घटला. या मिश्रणाला ट्रिपल सल्फा म्हणत.

हा ॲडिटिव्ह इफेक्टचा शुद्ध नमुना आहे. पाठ्यपुस्तके तो ‘एक अधिक एक बरोबर दोन’ असा सांगतात. लक्षात ठेवायला ते सोपे आहे, पण त्यात एक फसगत दडलेली आहे. एखाद्या औषधाच्या एका गोळीने दुखणे ४० टक्के कमी झाले, तर दोन गोळ्यांनी ते ८० टक्के कमी होईलच असे नाही. मात्रा आणि परिणाम यांचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. म्हणून दोन औषधांच्या परिणामांची टक्केवारी नुसती मिळवली, तर उत्तर चुकण्याची शक्यता असते. जर्मन औषधशास्त्रज्ञ सिगफ्रीड लोवे यांनी विसाव्या शतकात जी विचारपद्धती रूढ केली, ती परिणामांऐवजी मात्रांची बेरीज करते. पहिल्या औषधाची अर्धी मात्रा आणि दुसऱ्याची अर्धी मात्रा मिळून कुठल्याही एकाच्या पूर्ण मात्रेइतका परिणाम झाला, तर तो ॲडिटिव्ह. ट्रिपल सल्फामध्ये तीन तृतीयांश मिळून एक पूर्ण होतो, म्हणजे लोवे यांच्या कसोटीवर ते तंतोतंत उतरते.

आता सेप्ट्रानकडे वळता येईल. अमेरिकेत बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांनी पेशींच्या डीएनए-निर्मितीत अडथळे आणणाऱ्या रेणूंवर अनेक वर्षे काम केले. ट्रायमेथोप्रिम त्याच कामातून निघाले. या दोघांना १९८८ मध्ये जेम्स ब्लॅक यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम एकत्र वापरले तेव्हा जे दिसले ते ट्रिपल सल्फापेक्षा वेगळे होते. प्रत्येक औषध एकटे असताना जंतूंची वाढ फक्त थांबवत होते. दोन्ही एकत्र आल्यावर कित्येक जंतू मरत होते, आणि तेही दोघांच्या बऱ्याच कमी मात्रेत.

याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. पाटाचे पाणी दोन ठिकाणी अर्धेअर्धे अडवावे, तसा हा प्रकार वरवर दिसतो, पण खरी गोष्ट त्याहून एक पायरी पुढची आहे. ट्रायमेथोप्रिमला दुसऱ्या एन्झाइमवर जागा मिळवताना डायहायड्रोफोलेटशी झगडावे लागते. सल्फाने पहिल्या पायरीवरच डायहायड्रोफोलेटचा पुरवठा तोडला, की ट्रायमेथोप्रिमचा प्रतिस्पर्धी दुबळा होतो आणि तेवढीच मात्रा जास्त काम करते. ही मदत एकाच दिशेने होत नाही, हे अलीकडे कळले. २०१८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की ट्रायमेथोप्रिमदेखील सल्फाला उलट मदत करते. पहिल्या एन्झाइमला पाबाखेरीज आणखी एक कच्चा माल लागतो, आणि जंतूकडे त्याचा साठा वाढू नये याची तजवीज ट्रायमेथोप्रिममुळे होते. दोन्ही औषधे स्वतः काम करतात, एकमेकांचे काम वाढवतात आणि एकत्रित परिणाम मात्रांच्या बेरजेपलीकडे जातो. याला सिनर्जिझम म्हणायचे.

हे ‘पलीकडे’ मोजायचे कसे, तेही पाहण्यासारखे आहे. प्रयोगशाळेत प्लास्टिकची एक ताटली घेतात. तिच्यात ओळीने ९६ छोटे खळगे असतात. आडव्या दिशेने एका औषधाची मात्रा प्रत्येक खळग्यात निम्मी करत नेतात, उभ्या दिशेने दुसऱ्याची. मग प्रत्येक खळग्यात सारखेच जंतू घालून ताटली रात्रभर उबदार जागी ठेवतात. सकाळी जो खळगा गढूळ दिसतो त्यात जंतू वाढले, आणि जो स्वच्छ राहिला त्यात औषध जिंकले.

समजण्यासाठी सोपे आकडे धरू. सल्फा एकटे असताना मिलिलिटरमागे २० मायक्रोग्रॅमला जंतू थांबले आणि ट्रायमेथोप्रिम एकटे असताना १ मायक्रोग्रॅमला. एकत्र घातल्यावर मात्र अडीच मायक्रोग्रॅम सल्फा आणि ०.१२५ मायक्रोग्रॅम ट्रायमेथोप्रिम एवढ्यावरच खळगा स्वच्छ राहिला. म्हणजे सल्फा आपल्या मूळ मात्रेच्या एक अष्टमांश लागले आणि ट्रायमेथोप्रिमही एक अष्टमांश. दोन अपूर्णांकांची बेरीज ०.२५ झाली. ही बेरीज ०.५ किंवा त्याहून कमी आली तर सिनर्जिझम मानतात आणि ४ च्या वर गेली तर अँटॅगोनिझम. बेरीज १ च्या आसपास आली, तर लोवे यांच्या अर्थाने परिणाम ॲडिटिव्ह. मर्यादा इतक्या सैल ठेवण्यामागे कारण आहे. खळग्यागणिक मात्रा निम्मी होत जाते, त्यामुळे एका खळग्याची चूकही उत्तर दुपटीने बदलू शकते. किरकोळ फरकाला सिनर्जिझमचे नाव देणे धोक्याचे ठरते, म्हणून ०.५ ते ४ या पट्ट्यात बहुतेक प्रयोगशाळा ‘विशेष आंतरक्रिया नाही’ एवढेच लिहितात.

वरच्या उदाहरणात स्वच्छ खळग्यात सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम यांचे प्रमाण वीसास एक होते. अनेक जंतूंवर ही जोडी सर्वांत प्रभावी ठरते ती याच प्रमाणाच्या आसपास. मग गोळीत पाचास एक कसे? ट्रायमेथोप्रिम रक्तात फार थांबत नाही, ते शरीराच्या ऊतींमध्ये दूरवर पसरते, त्यामुळे त्याचे रक्तातले प्रमाण खाली येते. गोळीत पाचास एक घातले की रक्तात सुमारे वीसास एक मिळते. अनेक सल्फांमधून नेमके सल्फामेथॉक्साझोल निवडण्यामागेही असाच हिशेब होता. ते आणि ट्रायमेथोप्रिम साधारण सारख्याच वेगाने, दहा-अकरा तासांत निम्मे, शरीराबाहेर जाते. एक लवकर संपले आणि दुसरे उरले, तर जोडीचे प्रमाणच बिघडले असते. बारा तासांनी एक गोळी हा डोसही यातूनच आला.

इथे नावांचा एक घोळ विद्यार्थ्यांना छळतो. १९६८ मध्ये बुशबी आणि हिचिंग्ज यांनी या जोडीवर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच ट्रायमेथोप्रिमला सल्फाचे ‘पोटेन्शिएटर’ म्हटले होते. भारतात वैद्यकीय महाविद्यालयांत सर्रास वाचल्या जाणाऱ्या के. डी. त्रिपाठी यांच्या पुस्तकात सिनर्जिझम ही मोठी छत्री आहे आणि तिच्याखाली ॲडिटिव्ह व सुप्रा-ॲडिटिव्ह असे दोन भाग आहेत. पोटेन्शिएशन हे सुप्रा-ॲडिटिव्हचेच दुसरे नाव म्हणून तिथे येते. इतर अनेक पुस्तकांत पोटेन्शिएशन हा शब्द एका अरुंद अर्थाने राखून ठेवतात: दोनपैकी एका औषधाला तो परिणाम स्वतःहून घडवता येत नाही, पण ते दुसऱ्याचा परिणाम वाढवते. प्रश्नात चारही शब्द वेगवेगळे विचारले असतील, तर हा अरुंद अर्थच अभिप्रेत असतो. त्या अर्थाने ट्रायमेथोप्रिम पोटेन्शिएटर ठरत नाही, कारण ते स्वतंत्रपणेही जंतुनाशक औषध आहे आणि लघवीच्या मार्गाच्या संसर्गात एकटेही देता येते.

खऱ्या पोटेन्शिएशनचे उदाहरण म्हणजे बाजारातली ६२५ मिलिग्रॅमची अमॉक्सिक्लॅव्ह गोळी. तिच्यात ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असते. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड एकटे घेतले तर नेहमीच्या संसर्गात जवळपास काहीच होत नाही. पण पुष्कळ जंतू बीटा-लॅक्टमेझ नावाचे एन्झाइम सोडून अमॉक्सिसिलिन तोडून टाकतात, आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्या एन्झाइमला चिकटून ते कायमचे निकामी करते. रुग्णाच्या रक्तातले अमॉक्सिसिलिन काही वाढत नाही. जंतूच्या दारात त्याची मोडतोड थांबते, एवढेच.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ३७५ च्या गोळीत अमॉक्सिसिलिन २५० मिलिग्रॅम असते, पण क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड तेवढेच, १२५. ६२५ संपली म्हणून ३७५ च्या दोन गोळ्या घेतल्या, तर अमॉक्सिसिलिन बरोबर ५०० होते, मात्र क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड दुप्पट जाते आणि जुलाबांचा त्रास वाढतो. या मदतीला मर्यादाही आहे. एमआरएसए या नावाने ओळखला जाणारा स्टॅफिलोकॉकस जंतू औषध तोडून वाचत नाही, त्याने औषधाचे लक्ष्यच बदललेले असते. तिथे एन्झाइम बंद करून काही हाती लागत नाही. पोटेन्शिएटरचा उपयोग त्याने दूर करायचा अडथळा खरोखर असेल तिथेच होतो.

अँटॅगोनिझमची पहिली खूण सल्फाच्याच इतिहासात सापडते. १९४० मध्ये डोनाल्ड वुड्स यांनी दाखवले की यीस्टच्या अर्कात सल्फाला निष्प्रभ करणारे काहीतरी असते आणि ते पाबासारखे वागते. पाबा वाढवा, सल्फा हरते. सल्फा वाढवा, ते पुन्हा जिंकते. एकाच जागेसाठी दोघांची चढाओढ असल्यामुळे ज्याची संख्या जास्त त्याला जागा मिळते. यालाच कॉम्पिटिटिव्ह अँटॅगोनिझम म्हणतात आणि मात्रा वाढवून मात करता येणे हीच त्याची ओळख. ही गोष्ट दवाखान्यातही घडू शके. जखम शिवण्याआधी प्रोकेन टोचून जागा बधिर करत. प्रोकेन शरीरात तुटते तेव्हा त्यातून पाबाच निघतो. ज्या जागी सल्फाने जंतूंशी लढायचे, तिथेच त्याचा प्रतिस्पर्धी टोचला जाई. आज सर्वत्र वापरले जाणारे लिग्नोकेन वेगळ्या रचनेचे आहे, त्यातून पाबा निघत नाही.

मात्रेने सुटत नाही असाही अँटॅगोनिझम असतो, आणि त्याची किंमत रुग्णांनी जिवाने मोजली आहे. न्यूमोकॉकस जंतूमुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणदाहावर अमेरिकेत काही रुग्णांना पेनिसिलिनसोबत क्लोरटेट्रासायक्लिन दिले गेले. दोन चांगली औषधे एकत्र दिली तर फायदा होईल, अशी स्वाभाविक अपेक्षा होती. लेपर आणि डाऊलिंग यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार दोन्ही औषधे मिळालेल्या १४ जणांपैकी ११ दगावले. फक्त पेनिसिलिन मिळालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण एक तृतीयांशाहूनही कमी होते. पेनिसिलिन मारते ते वाढणाऱ्या जंतूला, कारण नवी भिंत बांधत असतानाच तो उघडा पडतो. टेट्रासायक्लिनने प्रथिने बनणे थांबवले की वाढ थांबते, भिंतीचे बांधकाम थांबते आणि पेनिसिलिनला वार करायला जागाच उरत नाही. इथे दोघांत एका जागेसाठी चढाओढ नाही, त्यामुळे पेनिसिलिन वाढवून प्रश्न सुटत नाही. सगळ्याच संसर्गांत हा फरक इतका भयानक दिसत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती जिथे उरलेले काम पूर्ण करते तिथे तो झाकला जातो. पण मेंदूभोवतीच्या द्रवात ती मदत अपुरी पडते, तिथे जंतू केवळ थांबून चालत नाही, तो मरावाच लागतो.

फोलेटच्याच वाटेवरचा आणखी एक अँटॅगोनिझम आफ्रिकेत गर्भवतींच्या बाबतीत लक्षात आला. हिवताप टाळण्यासाठी तिथे त्यांना सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देतात. ही जोडीही सेप्ट्रानप्रमाणे त्याच दोन पायऱ्या अडवते. गरोदरपणात फोलिक ॲसिडही द्यावेच लागते. पण हिवतापाचा परजीवी काही प्रमाणात बाहेरचे फोलेट वापरू शकतो. केनियातल्या चाचणीत रोज ५ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घेणाऱ्यांमध्ये औषध फसण्याचे प्रमाण वाढले, ०.४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये वाढले नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की या औषधासोबत ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून मोठा रोजचा डोस देऊ नये, ०.४ मिलिग्रॅमचा द्यावा.

सिनर्जिझम प्रयोगशाळेत दिसला म्हणजे रुग्णातही मिळेलच, असे मात्र नाही. जंतू आधीच सल्फाला दाद देत नसेल तर गोळीतले ८०० मिलिग्रॅम फुकट जातात, काम उरते ते फक्त ट्रायमेथोप्रिमचे. त्वचेवरची गंभीर पुरळ यांसारखे सल्फाचे दुष्परिणाम मात्र पूर्ण भोगावे लागतात. या विचारानेच ब्रिटनमध्ये १९९५ साली कोट्रायमॉक्साझोलच्या वापरावर मर्यादा घातली गेली आणि ते मुख्यतः न्यूमोसिस्टिस न्यूमोनियासारख्या मोजक्या आजारांसाठी राखले गेले.

आणि ज्या परिणामाची बेरीज होते तो हवासा असेलच असेही नाही. संधिवाताच्या रुग्णांना आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी असते. तेही तेच दुसरे एन्झाइम अडवते, पण माणसाच्या पेशींतले. अशा रुग्णाला लघवीत जळजळ होते म्हणून कुणी सेप्ट्रान दिली, तर ट्रायमेथोप्रिमचा एरवी नगण्य असलेला माणसावरचा परिणाम मेथोट्रेक्सेटमध्ये मिळतो. शिवाय सेप्ट्रानमुळे मेथोट्रेक्सेटचा मूत्रपिंडावाटे होणारा निचराही मंदावतो. म्हणजे प्रमाण आणि परिणाम दोन्हीकडून एकाच वेळी भार पडतो. काही दिवसांत तोंडात फोड येतात, ताप चढतो, अंगावर निळसर डाग उमटतात. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी आणि प्लेटलेट्स तिन्ही घसरलेल्या दिसतात. वयस्कर व्यक्तीत आणि मूत्रपिंड कमकुवत असलेल्यात ही घसरण जिवावर बेतते.

त्यावर दोन्ही औषधे तात्काळ बंद करून फोलिनिक ॲसिड देतात. ते फोलेटचे पुढच्या पायरीचे तयार रूप असल्याने अडवलेल्या एन्झाइमची त्याला गरज पडत नाही, आणि अस्थिमज्जेच्या पेशी पुन्हा वाढू लागतात. लघवीतल्या मूळ जंतूंना बहुधा त्याचा फायदा होत नाही, कारण ते बाहेरचे फोलेट आत घेऊच शकत नाहीत. एन्टेरोकॉकस हा अपवाद आहे. तो फोलिनिक ॲसिड उचलतो, त्यामुळे संसर्ग त्याचा निघाला तर डॉक्टरांना तिथे वेगळे अँटिबायोटिक निवडावे लागते.